न वापरलेली बॅटरी

८ एप्रिल २०२५, आर्णी

दुपारी सव्वादोनला लाइन गेली. यूपीएस एकदा 'पीं' वाजला आणि स्क्रीन काळी. राउटरही गेला.

दुकानात माझ्यासमोर एक शेतकरी बाबा बसले होते. शेतकरी ओळख क्रमांकाची नोंदणी. आधारला जोडलेला नंबर मुलाचा, मुलगा पुण्यात कंपनीत. त्याला ड्यूटीवरून बाहेर बोलावून ओटीपी मागितला होता. चार आकडे टाकून झाले होते, दोन राहिले होते.

वीस मिनिटांनी लाइन आली. तोवर ओटीपी मेला होता आणि मुलगा परत मशीनवर गेला होता. फोन बंद. बाबा म्हणाले, "राहू दे पोरी, उद्या परवा येतो." दीड तास थांबून शेवटची गाडी पकडायला गेले.

मला खूप वाईट वाटलं. यूपीएस कशासाठी ठेवलाय मग?

९ एप्रिल

हे म्हणतात, बॅटरी कशी जाईल, वापरलीच कुठे? खरं आहे. बाजारपेठेतली लाइन वर्षभरात फार गेली नाही. गेली तरी पाच-सात मिनिटं. तीन वर्षांत सगळी मिळून दोन-तीन तास तरी चालली असेल का, शंकाच आहे.

हिरवा दिवा मात्र रोज लागायचा. आजही लागलाय.

१० एप्रिल

बॅटरीवाल्या काकांना बोलावलं. झाकणाचे चार स्क्रू काढले, बॅटरी ओढली तर निघेना. दोन्ही बाजू किंचित फुगलेल्या, डब्यात घट्ट बसलेली. शेवटी डबा उलटा करून थोपटून काढली. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास. बाजूला कारखान्याचा छापा, ०५/२२.

काकांनी मीटर लावलं. १२.९४.

मी म्हटलं, ही तर भरलेली आहे! बिघाड यूपीएसमध्येच असणार.

"नाही ताई. रातभर अशीच सुटी ठेवा. उद्या सांगतो."

११ एप्रिल

रात्रभर सुटी ठेवूनही १२.९. निरोगी, पूर्ण भरलेली बॅटरी अशीच दाखवते, थोडी कमीच.

काकांनी पिशवीतून कारच्या हेडलाइटचा जुना बल्ब काढला, ५५ वॅटचा. दोन वायरी, दोन क्लिपा. बल्ब साधारण साडेचार-पाच अँपिअर ओढतो. लावला. एक क्षण पांढरा उजेड, मग पिवळा, मग नुसती लाल तार. मीटरचे आकडे धावत खाली आले. ११, १०, ८.७. मिनिटही झालं नव्हतं. बल्ब काढला तर आकडे परत वर, १२ च्या पुढे.

"मीटर खोटं नाही बोलत जी. पण ते नुसता दाब सांगते. दम नाही सांगत."

छोटा यूपीएस साडेदहा व्होल्टच्या आसपास बॅटरी तोडतो, नाहीतर ती कायमची खराब होते. माझा कॉम्प्युटर, स्क्रीन आणि राउटर मिळून शंभर वॅटच्या घरात. यूपीएसमधली गळती धरली तर बॅटरीतून दहा अँपिअर लागतात. बल्बच्या दुप्पट. म्हणजे परवा ती एका क्षणात साडेदहाच्या खाली गेली असणार. म्हणून एकच 'पीं'.

१२ एप्रिल

न वापरता दम कसा जातो, हे डोक्यातून जाईना. काकांना चहा दिला आणि विचारलं. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवलं.

आत सहा खण. प्रत्येक खणात शिशाच्या प्लेटा. एक स्पंजासारख्या मऊ शिशाची, ती निगेटिव्ह. दुसरी शिशाच्या जाळीवर तपकिरी लेड डायऑक्साइड थापलेली, ती पॉझिटिव्ह. मधे काचेच्या तंतूंची गादी, टीपकागदासारखी, गंधकाचं आम्ल प्यायलेली. आम्ल हलत नाही, सांडत नाही. म्हणून तिला लोक ड्राय बॅटरी म्हणतात. पण ती कोरडी नसते. कोरडी झाली की मरते.

यूपीएस प्लगला लावलेला असतो तेव्हा बॅटरी आराम करत नाही, हे मला आज पहिल्यांदा कळलं. चार्जर तिला सतत १३.५ ते १३.८ व्होल्टवर धरून ठेवतो. दिवसरात्र, रविवारी, दिवाळीत. अगदी बारीक करंट आत जात राहतो. त्याशिवाय ती आपोआप उतरते आणि लाइन गेल्यावर रिकामी सापडते. पण ती भरलेलीच आहे, मग त्या करंटचं काय होतं?

दोन कामं होतात. एक, थोडं पाणी फुटून ऑक्सिजन होतो. तो गादीतून वाट काढत निगेटिव्ह प्लेटपर्यंत जातो आणि तिथे परत पाणी होतो. जवळजवळ सगळा परत होतो. सगळा नाही. उरलेला वायू खणाच्या रबरी टोपीतून बाहेर पडतो. ते पाणी परत येत नाही आणि वरून ओतायची सोय नाही.

दोन, पॉझिटिव्ह प्लेटची जाळी. तीही शिशाचीच. तिच्यावर थापलेला तपकिरी थर जसा लेड डायऑक्साइडचा, तशी ती जाळी स्वतःही हळूहळू तोच होत जाते. बाहेरून आत. लेड डायऑक्साइडला शिशापेक्षा जास्त जागा लागते. म्हणून जाळी फुगते, ताणते, तडकते. प्लेट आणि डबा दोन्ही बाहेर ढकलले जातात. करंट वाहून नेणाऱ्या काड्याच बारीक होतात.

"बॅटरी काम करून नाही मेली, ताई. बसून बसून मेली."

बसून नाही, काका. उभी राहून मेली. तीन वर्षं एक पाय वर करून.

१३ एप्रिल

आणि १२.९४ का? पाणी कमी झालं, आम्ल तेवढंच राहिलं. आम्ल घट्ट झालं. दाब आम्लाच्या घट्टपणावर ठरतो, म्हणून मीटर उलट जास्त दाखवतं. जितकी कोरडी तितकी मीटरला भरलेली! हिरव्या दिव्यालाही तेच दिसत असणार.

१४ एप्रिल

सुट्टी. चौकात निळे झेंडे, डीजे. दुकान बंद.

घरी पोरीच्या कॉम्प्युटरला यूपीएस आहे. एकाच दिवशी एकाच खोक्यातून दोन घेतले होते. उघडून पाहिलं. बॅटरीवर तोच छापा, ०५/२२.

फुगलेली नाही.

१५ एप्रिल

घरच्या बॅटरीवर बल्ब लावला. पोरगी मोबाइलवर वेळ बघत बसली, मी मीटर. सुरुवातीला १२.८. एका मिनिटाने १२.२५. साडेदहाला यायला ३८ मिनिटं लागली. काका म्हणतात, नवी असती तर पन्नासच्या वर गेली असती. म्हणजे हीही थकली आहे, पण जिवंत आहे. लगेच परत चार्जिंगला लावली. उतरलेली ठेवायची नाही, असं काकांनी दोनदा बजावलंय.

मग दोन्ही किराणावाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवल्या. घरची २ किलो १३० ग्रॅम. दुकानची २ किलो ५० ग्रॅम.

८० ग्रॅम कमी. अर्धी वाटी पाणी. सगळा फरक पाण्याचाच असेल असं नाही, कारखान्यात प्लेटा थापताना थोडं कमीजास्त होतंच. पण एका खोक्यातल्या दोन बॅटऱ्या आहेत. मला त्या काट्याकडे बघवेना.

१७ एप्रिल

दोन्ही एकाच दिवशी जन्मल्या. दोन्ही फारशा वापरल्या नाहीत. मग फरक कशाचा?

दुकानातला यूपीएस टेबलाच्या बंद कप्प्यात आहे, धूळ बसू नये म्हणून मीच ठेवला होता. मागे पश्चिमेची टिनाची भिंत. शेजारी सीपीयू, त्याच्या पंख्याची गरम हवा त्याच कप्प्यात. घरचा यूपीएस जुन्या मातीच्या भिंतींच्या खोलीत, खाली शहाबादी फरशीवर.

आज पोरीच्या शाळेच्या प्रयोगाचा थर्मामीटर यूपीएसच्या डब्याला चिकटपट्टीने लावला. दुपारी तीनला ४३. घरच्याला ३३.

दहा अंश.

१८ एप्रिल

काकांचा हिशेब सोपा आहे, बॅटरीच्या माहितीपत्रकातही तोच असतो. अशा बॅटरीचं आयुष्य ३ ते ५ वर्षं धरतात, पण ते २५ अंशाला. त्यावर दर दहा अंशाला आयुष्य अर्धं. उष्णतेने आतली प्रत्येक क्रिया जोरात चालते. चांगली आणि वाईट, दोन्ही.

कप्प्यात वर्षभराची सरासरी ३५ धरली तर पाचाचे अडीच. माझी तीन वर्षांना महिनाभर कमी चालली. म्हणजे खरं तर तिने तिच्या परीने निभावलं.

चार्जरही तपासला. १३.७ देतो. २५ अंशाला ठीक. पण बॅटरी तापली की चार्जिंगचा दाब कमी करावा लागतो, बारा व्होल्टच्या बॅटरीला दर अंशामागे सुमारे १८ मिलिव्होल्ट. ४३ अंश म्हणजे १८ अंश जास्त, म्हणजे सुमारे ०.३ व्होल्ट कमी. १३.४ हवे होते. मोठ्या यूपीएसमध्ये तापमान बघून दाब कमी करायची सोय असते. माझ्या साध्या डब्यात नाही. तो उन्हाळ्यात आणि जानेवारीत तेवढाच देतो. यवतमाळचा एप्रिल त्याला माहीत नाही.

१९ एप्रिल

बाबा परत आले. त्यांना सांगितलं, बॅटरी बदलायची आहे, आज काम केलं आणि लाइन गेली तर परत तेच. म्हणाले, "कर पोरी, जाते तर जाते." केलं. मुलाने पहिल्या रिंगला फोन उचलला. सही झाली, नंबर मिळाला. लाइन गेली नाही.

सगळा वेळ छाती धडधडत होती.

२१ एप्रिल

माझा भाऊ म्हणतो, डिस्टिल्ड वॉटर टाक, यूट्यूबवर सगळे टाकतात. काकांना विचारलं. त्यांनी हातमोजे आणि चष्मा घालून माझ्यासमोर वरची पट्टी उचकटली. खाली सहा रबरी टोप्या. एक टोपी वर केली. आतली काचेची गादी पांढरी, कोरडी. ओला टीपकागद जसा चमकतो तशी चमक कुठेच नाही.

"पाणी टाकलं तर चालेल जी. महिना, दोन महिने. पाणी परत देता येते. जाळी कुठून देता?"

टोपी लावून बंद केली. आम्लाचा वास तरीही बराच वेळ राहिला. घरी कोणी हे करू नये, डोळ्यांचं काम आहे.

२२ एप्रिल

शेजारच्या कापडाच्या दुकानात इन्व्हर्टर आहे. त्यांची बॅटरी सातव्या वर्षात. मला हेवा वाटला.

ती वेगळ्या घडणीची. जाड नळ्यांच्या प्लेटा, भरपूर आम्ल, वरून पाणी घालता येतं. दर दोन-तीन महिन्यांनी ते बाटली घेऊन बसतात. माझ्या दोन किलोच्या डब्याकडून मी दहा अँपिअर झटकन मागते. झटकन द्यायचं तर प्लेटा पातळ आणि पुष्कळ हव्यात. पातळ जाळी लवकर झिजून संपते. जाड प्लेट घातली तर डबा टेबलाखाली मावणार नाही.

२४ एप्रिल, यवतमाळ

सकाळच्या एसटीने आले. काकांनी सांगितलं होतं, छापा वाचल्याशिवाय घेऊ नको.

पहिल्या दुकानात मुलाने मागच्या फळीवरून धूळ झटकून बॅटरी काढली. छापा ११ महिन्यांपूर्वीचा. मीटर लावायला सांगितलं, त्याने कुरकुरत लावलं. १२.४. मी नको म्हटलं. "नवीच आहे ताई, पॅक आहे."

पॅक आहे, पण नवी नाही. फळीवर ठेवलेली बॅटरी २५ अंशाला महिन्याला साधारण तीन टक्के उतरते, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट-तिप्पट. सहा महिन्यांनी तरी तिला चार्ज करावं लागतं. केलेलं नव्हतं.

दुसऱ्या दुकानात दोन महिन्यांपूर्वीची मिळाली. १२.८. किंमत हजाराच्या आसपास. जुनी घेऊन थोडे कमी केले.

जुनी द्यायचीच असते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती घरच्या कचऱ्यात टाकायची नाही, परत घेणाऱ्याकडे सोपवायची. आमच्याकडे भंगारवाला पोरगा हातोडीने फोडतो आणि आम्ल नालीत ओततो. शिसं विकतो. त्याच हाताने भाकर खातो. म्हणून ओझं झालं तरी इथवर आणली.

२५ एप्रिल

रात्रभर चार्जिंग. सकाळी बल्ब, फक्त एक मिनिट. १२.४३.

यूपीएस कप्प्यातून काढला. उत्तरेच्या विटांच्या भिंतीला, जमिनीपासून वीतभर वर, लाकडी ठोकळ्यावर. दुपारी थर्मामीटर ३६. सात अंश वाचले. पैसा लागला नाही.

बॅटरीवर पांढरी चिकटपट्टी लावली. लिहिलं: बसवली २५-४-२५, बल्ब १२.४३.

५ मे

बारावीचा निकाल. दुपारी एकपासून रांग. लाइन होती.

१३ मे

दहावीचा निकाल. एक वाजून दहा मिनिटांनी वारं सुटलं, आभाळ काळं, लाइन गेली. यूपीएस पीं पीं करत राहिला. स्क्रीन तशीच. मी क्षणभर हात वर धरून बसले, मग कामाला लागले. प्रिंटर यूपीएसवर नाही, लेझर प्रिंटर तापताना एवढं ओढतो की छोटा यूपीएस कोसळतो. म्हणून निकाल फक्त सेव्ह केले. लाइन १४ मिनिटांनी आली. तोवर राउटर एकदाही पडला नाही.

एक पोरगी ८१ टक्के म्हणून रडायला लागली. आनंदाने. तिची आई माझ्या हाताला धरून उभी होती.

२ जून

नुसता उकाडा. पाऊस मधेच आला, परत गायब.

२८ जून

पलीकडच्या गावातल्या शाळेचे मास्तर आले. शाळा उघडल्या. त्यांच्या कॉम्प्युटर खोलीत आठ यूपीएस. मागच्या नोव्हेंबरात गावकऱ्यांच्या वर्गणीतून सगळ्या बॅटऱ्या नव्या घातल्या होत्या. आठांपैकी एकही चालत नाही.

"मॅडम, सात महिने झाले फक्त. खोली तर दोन महिने बंदच होती. हातही लावला नाही."

मी वही उघडली. इथे गरमी एकटी दोषी नाही. काहीतरी दुसरं आहे.

२९ जून

रविवार. काकांसोबत शाळेत. खोलीचं मुख्य बटण मास्तरांनी एप्रिलच्या शेवटी खाली पाडलं होतं, वीज वाचावी, वायर जळू नये म्हणून. बरोबरच केलं. पण यूपीएसची स्वतःची बटणं चालूच राहिली. बाहेरून वीज बंद झाल्यावर आठही यूपीएस बंद खोलीत पीं पीं करत राहिले असतील, साडेदहाला बॅटरी तुटेपर्यंत. त्यानंतरही सर्किट किंचित ओढत राहिलं असेल. कोणी ऐकायला नव्हतं.

मीटर: ४.१, ६.०, ५.२, ७.८... भरलेली पावणेतेराच्या पुढे असते. या तर तळाला. चार्जर लावला तर घेतच नाहीत. एकही फुगलेली नाही. बाहेरून कोऱ्या.

हा दुसरा आजार. बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट बसतं. ते होणारच, वीज त्यातूनच निघते. ताजं असताना ते बारीक, मऊ असतं, चार्जिंग केलं की विरघळून परत शिसं, लेड डायऑक्साइड आणि आम्ल होतं. पण तसंच आठवडे ठेवलं तर बारीक स्फटिक एकमेकांत मिळून मोठे, कठीण होतात. त्यांतून वीज जात नाही. प्लेट झाकली जाते. गूळ पाघळून परत आळला की जसा खडा होतो, तसं. आम्लातलं बहुतेक गंधक प्लेटांवर गेलेलं, उरलं जवळजवळ नुसतं पाणी. त्या पाण्यात लेड सल्फेट जास्त विरघळतं आणि पुढे चार्ज करताना प्लेटांमधून शिशाच्या बारीक सुया वाढू शकतात. आतल्या आत शॉर्ट.

माझी भरून भरून मेली. यांच्या रिकाम्या राहून मेल्या. दोन्ही न वापरता.

३० जून

काकांनी तीन बॅटऱ्या रात्रभर अगदी कमी करंटवर लावून पाहिल्या. एक थोडी उठली, १२.५ पर्यंत. बल्बवर सहा मिनिटं. मास्तर काही बोलले नाहीत. वर्गणी गोळा करताना घरोघर तेच फिरले होते.

मला त्यांना धीर द्यावासा वाटला. काय सांगणार? मीच एप्रिलमध्ये शिकले.

१ जुलै

मास्तरांसाठी कागदावर लिहून दिलं, मोठ्या अक्षरात. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी यूपीएस पूर्ण भरू द्यायचा, निदान दहा-बारा तास. मग यूपीएसचं स्वतःचं बटण बंद. मग झाकण उघडून बॅटरीची लाल वायर काढायची, तिच्यावर टेप. बटण बंद असलं तरी काही यूपीएसचं सर्किट किंचित ओढत राहतं, म्हणून वायर. जून लागला की एकदा कोणीतरी जाऊन वायर जोडून एक दिवस चार्ज करायचं.

"एवढ्यासाठी शिपाई मे महिन्यात येईल का?" मास्तर म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "मी येईन."

आठ नाही, तीनच नव्या घ्यायचं ठरलं. बाकीचे कॉम्प्युटर तोवर थेट प्लगला.

११ ऑगस्ट

पावसाळी थंडावा. यूपीएसजवळ २९. बल्ब नाही लावला. सहा महिन्यांनी एकदाच लावायचा. दर वेळी तळापर्यंत उतरवणं हेही तिचं आयुष्य खातंच.

२० सप्टेंबर

बाबा आले होते, दुसऱ्या कामाला. सोयाबीन पिवळी पडली म्हणतात. निघताना विचारलं, "पेटी बदलली का मग?" मला वाटलं होतं ते विसरले.

२५ ऑक्टोबर

सहा महिने झाले. दुकानची: एका मिनिटाने १२.४०. एप्रिलपासून ०.०३ खाली. एवढा फरक क्लिप सैल लागली तरी येतो. चिकटपट्टीवर दुसरी ओळ लिहिली.

२६ ऑक्टोबर

घरची. एकाच खोक्यातली ती दुसरी, थंड फरशीवरची. पोरीनेच बल्ब लावला. एका मिनिटाने ११.५. ती म्हणाली, "आई, अजून बघू." पाच मिनिटांनी १०.६. बल्ब काढला.

एप्रिलमध्ये ३८ मिनिटं होती. बाजूवर हात फिरवला. आता तीही किंचित फुगली आहे, बोटाला कळते. तिला मातीच्या भिंतींनी अर्धं वर्ष जास्त दिलं. तेवढंच.

पोरीची परीक्षा नोव्हेंबरात. कॉम्प्युटर अजून बंद पडलेला नाही, हिरवा दिवा लागलेला आहे. तरी काकांना फोन केला. मंगळवारी यवतमाळला जाणार आहेत, माझ्यासाठी एक आणायला सांगितली. छापा वाचून.